चार दिवसांची विहीर

चिमणाबाई निकमांचा आवाज ज्यानं ऐकला नाही, तो कोडोलीचा नव्हेच असं खुशाल समजावं. ही बाई चहा जरी मागायला लागली तरी पावण्याला वाटतं भांडण लागलं. माळावर तिनं कुणाला हाक मारली की खाली ओढ्याकाठी वैरण कापणारी बाई विळा थांबवून वर बघते. साठीला आली, गुडघे कुरकुरतात, पण घशाला अजून गंज चढलेला नाही.

कोडोली म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं ऊस येतो. खरंय ते, पण खालच्या अंगाला. तिथं वारणेचं पाणी, काळी जमीन, रानात पाय घातला तर पोटरीपर्यंत आत. चिमणाबाईचं रान मात्र वर माळाला. मुरमाड जमीन, खाली पाणी धरून ठेवणारं काही नाही. आणि पाणी म्हणजे एक विहीर, तीही निम्मी. निम्मी तिची आणि निम्मी तिच्या दिराची, सयाजीची.

सासऱ्यानं रान वाटलं, गोठा वाटला, आंब्याच्या फांद्यासुद्धा वाटल्या. विहिरीपाशी मात्र म्हातारा अडला. विहीर काय मधनं चिरता येते? मग त्यानं दिवस वाटले. चार दिवस थोरल्याचे, चार दिवस धाकट्याचे, आणि हीच पाळी वर्षानुवर्षं. आपल्या चार दिवसांत विहिरीत जे असेल ते आपलं. तळ दिसेपर्यंत उपसा, कुणी बोलायचं नाही. आणि ह्या कायद्याचं एक पोटकलम सगळ्यांना पाठ होतं. पाळीच्या शेवटच्या दिवशी विहिरीत पाणी शिल्लक ठेवणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर खुळा असतो.

ह्या पाळीवरनंच दोन भावांत फाटलं. चिमणाबाईच्या मालकांच्या पाळीच्या शेवटच्या दिवशी एकदा अर्धा दिवस लाईट गेली. दुसऱ्या दिवशी ते राहिलेलं पाणी घ्यायला गेले तर सयाजी स्टार्टरच्या पेटीला पाठ लावून उभा. लाईट गेली तर ती सरकारची, पाळी गेली तर ती तुमची, असं म्हणाला. त्यावरनं जे झालं ते झालं. पुढं मालक वारले. रान बायकोला आलं, आणि रानाबरोबर अबोलाही आला. एकाच बांधावर दोघं राबायची, पण एकमेकांशी शब्द नाही. सयाजीला काही सुनवायचं असलं की तो आपल्या म्हशीला सांगायचा, आणि चिमणाबाई आपल्या झाडांना. ऐकायचं ते दोघंही ऐकायची.

झाडं म्हणजे लिंबाची. मालकांच्या माघारी तिनं माळावरचा ऊस मोडला आणि एकरभर कागदी लिंबू लावलं. ऊस पाणी पितो, लिंबू पाणी चाखतं, हे तिचं म्हणणं. ठिबक बसवून दिलं ख्वाजा मुल्लाणीनं. कोडोलीत एसटी स्टँडच्या मागं त्याचं जळालेल्या मोटारी भरायचं आणि पाइपचं दुकान आहे. बोलघेवडा, हाताला चपळ, आणि चिमणाबाईपुढं तोंड उघडायचं धाडस असणाऱ्या मोजक्या माणसांपैकी एक. काळ्या नळ्या रानात पसरल्या त्या दिवशी सयाजी बांधावर उभा राहून म्हशीला म्हणाला, "थेंबानं तोंड धुवून हुतंय बाई, आंघोळ न्हाय." चिमणाबाईनं एका लिंबाच्या रोपाला सांगितलं, "ज्याला पवायचंय त्येनं पवावं. आपल्याला जगायचंय."

झाडं जगली. नुसती जगली नाहीत, माणसाच्या वर गेली. पण फळाला आली आणि तिथं माशी शिंकली. लिंबाला खरी किंमत उन्हाळ्यात. म्हणून पावसाळा सरताना पाणी तोडून झाडं ताणावर सोडायची, दसरा-दिवाळीला फूल घ्यायचं आणि चैत्र-वैशाखात माल काढायचा. गेल्या वर्षी फूल मायंदाळ आलं, फळंही लगडली, आणि ऐन उन्हाळ्यात गळायला लागली. राहिलेल्यांतली निम्मी तडकली. झाडाखाली पिवळ्या-हिरव्या लिंबांचा सडा, आणि बाजारात न्यायला दोन पोती.

तिचा मुलगा राजवीर उचगावला राहतो. तिथंच एका वर्कशॉपमध्ये नोकरी, बायको अनुजा, भाड्याचं घर. पोरगा वाईट नाही, पण त्याच्या डोक्यात कोंबड्यांचं शेड बसलं होतं. कोंबड्यांना प्यायला पाणी लागतं तेवढंच, असं त्याचं सरळ गणित. गेल्या वर्षीची ती दोन पोती बघून त्यानं विषय काढला, आणि चिमणाबाईच्या तोंडून भर रानात निघून गेलं, "फुडचा बहार हातात आला न्हाय तर मी सोता झाडास्नी कुऱ्हाड लावीन. मग घाल तुझं शेड."

ती हे बोलली म्हणजे सगळ्या माळानं ऐकलं. आता माघार नव्हती. ही बाई एकदा बोलली की शब्दाला जागते, मग त्यात स्वतःचं नुकसान का होईना.

ह्या वर्षी शिमगा झाला आणि झाडाखाली पहिलं लिंबू पडलं. मग दहा. मग मोजायचं सोडून दिलं तिनं. फळ सुपारीएवढं झालेलं, अजून महिना-दीड महिना झाडावर राहायला हवं, आणि ते खाली. तिनं ख्वाजाला फोन लावला. फोनची तशी गरज नव्हती, म्हणजे आवाज तसाही स्टँडपर्यंत गेला असता.

"तुझ्या नळ्यांत काय तरी बिघाड हाय. ये बघाय."

ख्वाजा आला. आधी त्यानं फिल्टर खोलला, जाळी उन्हात धरून बघितली, धुतली, परत बसवली. दाबाचा काटा बघितला. मग एकेका नळीच्या टोकाचं बूच काढून पाणी सोडलं, आतला गाळ भसाभस बाहेर पडू दिला. बसून बसून प्रत्येक झाडाचा ड्रिपर बोटानं चाचपला. सगळे गळत होते, कुठं तुंबलेलं नव्हतं.

"मावशी, माझ्या नळ्या सुतागत सरळ हायत," तो म्हणाला. "पर तुमी हे काय करालाय?"

त्यानं बुंध्याकडं बोट दाखवलं. सालीवर तांबूस डिंकाचे ओघळ आले होते. लावणीच्या वेळी रोपं वीतभर होती, तेव्हा नळी बुंध्याला खेटून टाकलेली. झाडं वाढली, नळी तिथंच राहिली. पाणी रोज बुंध्यावर. लिंबाला हे अजिबात चालत नाही, साल कुजते आणि डिंक्या धरतो.

"तान्ह्या पोराला मांडीवर घिऊन भरवतोय, ते ठीक हाय. पोरगं मिशा फुटल्यावर बी मांडीवरच बसवलंय तुमी," ख्वाजा म्हणाला. "झाडाची तोंडं आता हितं न्हायत. फांद्यांची सावली संपत्या न्हवं का, तितं हायत. पाणी तितं पायजे."

चिमणाबाईनं त्याला दोन शिव्या दिल्या, हे आधी का सांगितलं नाहीस म्हणून. त्यानं आधी दोनदा सांगितलं होतं हे तिला शिवी देताना आठवलं, पण निघालेली शिवी परत घेता येत नाही. दोघांनी मिळून बुंध्याजवळच्या नळ्या काढून ठेवल्या. झाडाच्या दोन्ही अंगांना, सावलीच्या कडेला एकेक नवी नळी टाकली, झाडाला चार ड्रिपर. डिंक खरवडून काढला आणि बुंध्यांना मोरचूद-चुन्याचा लेप दिला. बाईला वाटलं, सुटलो.

सुटलो कसलं? आठवडा गेला आणि गळ होतीच. थोडी कमी, पण होती.

आता मात्र तिचं टाळकं फिरलं. ती झाडाखाली बसून राहायला लागली, भाकरीसुद्धा तिथंच. आणि बसल्या बसल्या तिला एक गोष्ट दिसली जी धावपळीत कधी दिसली नव्हती. सयाजीच्या पाळीत दुपारी झाडांची पानं वळायची, पुरचुंडी बांधल्यासारखी. तिला वाटायचं, आता पाळी आली की भरपूर पाजू. पाळी आली, ती मोटर लावायची आणि विहिरीचा तळ लागेपर्यंत बंद करायची नाही. हक्काचं पाणी दिराला ठेवायचं की काय? सकाळपासून दुपारपर्यंत थेंब चालूच, चारही दिवस. आणि पाळीच्या पहिल्या दिवशी पाणी दिलं की दुसऱ्या दिवशी लिंबं तडकलेली आणि गळलेली. पाणी आल्यावर गळ. पाणी नसताना एवढी नाही.

तिनं टिकाव घेतला आणि झाडाच्या सावलीच्या कडेला हात-दीड हात खड्डा काढला. सयाजीच्या पाळीचा तो शेवटचा दिवस होता. वरच्या फूटभरात बारीक पांढऱ्या मुळ्यांचं जाळं, आणि तिथली माती भट्टीतनं काढल्यागत कोरडी. त्याच्याही खाली मुरूम, आणि तो ओला. हात लावला तर गार लागला. तिथं एक मूळ नव्हतं.

म्हणजे चार दिवस ती जे पाजत होती त्यातलं निम्मं मुळांना ओलांडून खाली मुरमात जात होतं. जमिनीला धरवतंय तेवढंच ती धरते, वरचं खाली सोडते. आणि मग चार दिवस झाड उपाशी. उपाशी झाडाला एकदम जेवणावळ घातली की फळ आतनं फुगायचं, साल ताणायची नाही, आणि तडकायचं.

संध्याकाळी ख्वाजाच्या दुकानात जाऊन तिनं हे सांगितलं. त्यानं हातातली मोटर खाली ठेवली.

"मावशी, ठिबक म्हंजे दुधाचा रतीब हाय. रोज सकाळी अर्धा लिटर. चार दिवसांचं एकदम आणून ओतलं तर नासणारच की."

"मग रोज दिऊ कसं? चार दिवस मोटरीला हात लावता येत न्हाय मला."

"शेततळं काढा. पाळीत भरून ठेवा, रोज सोडा."

"कवा काढू? फळ आज गळालंय."

ख्वाजानं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, रोज सकाळी दोन तास मोटर चालली तरी सगळ्या बागेला पुरतं. दोनच तास, पण रोज. चिमणाबाईनं ते मनात फिरवून बघितलं. रोज दोन तास म्हणजे तिच्या चार दिवसांच्या उपशापेक्षा कितीतरी कमी पाणी. म्हणजे पाणी कमी घ्यायचं होतं, आणि ते कमी पाणी मिळवायला सयाजीच्या दारात जायचं होतं. तिला हसूच आलं, आणि हसता हसता संतापही आला. अख्ख्या पंचक्रोशीत जास्त पाण्यासाठी डोकी फुटली होती. कमी पाण्यासाठी कुणी कुणाच्या पाया पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

दोन दिवस तिनं स्वतःशी भांडून काढले. पाळी सोडायची म्हणजे काय गंमत आहे? ज्या पाळीपायी मालकांनी सख्ख्या भावाशी तोंड तोडलं, ती आपण होऊन दिराच्या पदरात टाकायची. गाव म्हणेल, आज पाळी दिली, उद्या विहीर देईल. मालक असते तर काय म्हणाले असते हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि ते छापण्यासारखं नव्हतं. पण मालकांनी लिंबं लावली नव्हती. लिंबं तिनं लावली होती, खड्डे तिनं काढले होते, पहिल्या उन्हाळ्यात रोपांना सावली म्हणून स्वतःची जुनी लुगडी तिनं बांधली होती. हक्क राखून झाडं घालवायची की झाडं राखून हक्क सोडायचा, एवढाच प्रश्न होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली आणि सरळ सयाजीच्या गोठ्यात गेली.

सयाजी धार काढत होता. तिला बघून त्याचा हात थांबला, मग परत सुरू झाला. सवयीनं त्यानं म्हशीलाच विचारलं, "काय गं, कोण आलंय?"

"म्हस न्हाय बोलाय आलीया, मी आलीया," चिमणाबाई म्हणाली. "भावजी, माझी पाळी तुमाला दिली. आजपासनं सगळं दिवस तुमचं."

धार भांड्याच्या बाहेर गेली.

"फक्त रोज सकाळी लाईट आल्या आल्या दोन तास मला द्यायचं. तेवढ्यात तुमची मोटर बंद. बाकी दिवसभर तुमी काय करायचं ते करा. उसाला पाजा, मक्याला पाजा, म्हशीला आंघोळ घाला."

सयाजी उठला. त्याच्या कपाळावर आठ्यांचं जाळं झालं. ह्या माणसाला आयुष्यात कुणी फुकट काही दिलं नव्हतं, त्यामुळं त्याला डाव शोधायची सवय. त्यानं आभाळाकडं बघून हिशेब केला, जमिनीकडं बघून केला. सगळीकडनं फायदा त्याचाच निघत होता, आणि त्यामुळं तो जास्तच घाबरला.

"ह्यात मेख काय हाय वैनी?"

"मेख न्हाय. झाड मोठ्या घासानं जेवत न्हाय, एवढंच हाय."

"आन एखाद्या दिवशी म्या मोटर बंद न्हाय केली तर?"

"तर माझी लिंबं जातील. मी भांडाय येणार न्हाय. आन ह्याच्यापरतं तुमच्याकडं दुसरं कायबी मागणार न्हाय, कवाच न्हाय."

हे बोलून ती निघाली. 'बघू' एवढंच तिला मागनं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवर गेली तेव्हा सयाजीची मोटर बंद होती आणि तो स्वतः काठावर तंबाखू मळत बसला होता. तिनं मोटर लावली. तिचे दोन तास होईतोवर तो तिथंच बसून होता. बघत होता की ही खरंच बंद करते का. तिनं केली. विहिरीत अजून पाणी होतं, आणि तिनं मोटर बंद केली. सयाजीनं तंबाखू खाल्लीच नाही, हातातच राहिली.

असं रोज चाललं. रोज तो बसायचा, रोज ती वेळेवर बंद करायची. बोलणं फारसं नव्हतं. "काटा कशाचा?" असं एकदा त्यानं विचारलं. दाबाचा, तिनं सांगितलं, काटा पडला की जाळी तुंबली म्हणायचं. आठवड्याभरात पानं वळायची थांबली. जमिनीवर ओल दिसायची ती ताटलीएवढी, पण तिनं खुरप्यानं उकरून बघितलं तर आत चांगली पाटीएवढी पसरलेली, आणि नेमकी मुळ्यांत. मग गळ थांबली. लिंबं फुगायला लागली, साल नितळ, हिरवीगार. एका दुपारी तिनं झाडाखाली हात फिरवून बघितला आणि हाताला एकही लिंबू लागलं नाही, तेव्हा ती तिथंच फतकल मारून बसली आणि मोठ्यानं हसली. माळावरच्या लोकांना वाटलं म्हातारी भांडतीय कुणाशी तरी.

माल काढायला तीन आठवडे राहिले असतील, आणि उचगावहून फोन आला. अनुजाचं पोट दुखायला लागलं होतं. दिवस भरायला अजून वेळ होता. तिची आई पाय मोडून पडलेली, तिच्यानं हलवत नव्हतं. चिमणाबाई दूध उतू जायच्या आत निघाली. मिळेल त्या गाडीत बसली. दवाखान्यात पोचली तेव्हा अनुजा तिचा हात घट्ट धरून म्हणाली, "आत्ती, तुमी जाऊ नका." मग कुठं जायची ती?

नात झाली. अंगानं बारीक पण रडायला आजीवर गेलेली, सगळा वॉर्ड उठवला तिनं. चिमणाबाईचं काळीज सुपाएवढं झालं. आणि त्या आनंदातच, बाळाला पाळण्यात ठेवताना, तिला बाग आठवली. उन्हाचा कहर चाललेला. माळावर झळा नाचत असणार. पाणी सोडायला कोणी नाही.

तिनं ख्वाजाला फोन लावला. तो शाहूवाडीकडं कुठल्याशा डोंगरावर पाइप टाकायला गेला होता, रेंज येत-जात होती, आणखी तीन दिवस तरी परत येत नव्हता. राजवीर म्हणाला, "काकाला सांगतो फोन करून."

"न्हाय."

"आई, दोन तासांचा तर प्रश्न हाय."

"मी त्येला सांगून आलीया, परत कायबी मागणार न्हाय म्हणून. न्हाय म्हंजे न्हाय."

राजवीरनं कपाळावर हात मारला. तोही तिचाच मुलगा, म्हणाला, मग बागेचं विसर. रात्री-अपरात्री नव्हे, भर दिवसा ती बाळाजवळ बसायची आणि मनात झाडं मोजायची. आज पानं वळली असतील. आज फळ मऊ पडलं असंल. परवा जाऊन पाणी दिलं की सगळं तडकणार. स्वतःच्या जिभेचा इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता. एक शब्द कमी बोलले असते तर काय बिघडलं असतं, असं तिला वाटायचं, आणि तरीही फोन उचलायला हात होत नव्हता.

पाच-सहा दिवसांनी अनुजा घरी आली, शेजारीण मदतीला मिळाली, तेव्हा राजवीर आईला गाडीवर घेऊन निघाला. पिशवीत त्यानं मापाचा टेप घेतला होता. लपवला नाही. "गेलोच हाय तर शेडचं माप घिऊया," तो हळू आवाजात म्हणाला. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. शब्द तिचाच होता. कोडोलीच्या चढावर गाडी लागली तेव्हा दोन्ही अंगांचं वाळलेलं गवत बघून तिला डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

बांधावर ती उतरली आणि उभी राहिली. पानं सरळ होती. तिला वाटलं उन्हानं आपलं डोकं फिरलं. ती खाली वाकली. सावलीच्या कडेला, प्रत्येक झाडाच्या चारी ड्रिपरखाली, ताटलीएवढी काळी ओल होती. आजची. फांद्यांना लिंबं जशीच्या तशी, थोडी मोठी झालेली. तिनं माती मुठीत घेतली, दाबली, तिचा लाडू झाला. ती एका झाडाकडनं दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडनं तिसऱ्याकडं गेली. सगळीकडं तेच. राजवीर टेप हातात घेऊन मागं मागं चालत होता.

विहिरीवर सयाजी होता. तिला बघून तो उठला.

"पोरगी झाली म्हनं," तो म्हणाला.

"झाली. भावजी, पाणी कुणी सोडलं?"

"काटा पडलाता मधी. जाळी काढून धुतली. शेवाळ व्हतं."

"मी मागितलं न्हवतं."

"तुमी मागणार न्हाय म्हणून गेलासा की सांगून. मग म्या काय करायचं? बघत बसायचं?"

राजवीर विहिरीत डोकावून बघत होता. पाणी फार खाली गेलं होतं, कडेचे झरे बारीक झाले होते, दगडावर पांढरे पट्टे उघडे पडले होते. मग त्यानं वर बघितलं, विहिरीपलीकडं, काकाच्या रानात.

"काका, तुमचा ऊस..."

चिमणाबाईनं मान वळवली. सयाजीच्या उसाचा वरचा निम्मा तुकडा वाळून पिवळा पडला होता. पाती खाली लोंबत होती. आल्या आल्या ती झाडांमागं धावली, तिला तो दिसलाच नव्हता.

"विहीर बसली," सयाजी साधेपणानं म्हणाला. "गुरुवारपासनं सकाळचं दोन तासांचंच पाणी येतंय. मग दिवसभर न्हाय."

"दोन तास येत व्हतं तर उसाला का न्हाय सोडलं तुमी?"

"ते दोन तास माझं न्हायत की." त्यानं तिच्याकडं असं बघितलं जणू तिनंच काहीतरी खुळ्यागत विचारलं होतं. "चार दिवस तुमचं व्हतं तवा शेवटचा थेंब बी तुमी सोडला न्हाय, आन म्या बी न्हाय. बरोबर व्हतं ते. पर ह्या टायमाला तुमी आपण हून सोडलंसा. कागद न्हाय, पंच न्हाय. माझ्या हातात टाकून गेलासा. आता ते राखायचं कुणी, म्याच न्हवं?"

चिमणाबाई रडली. तोंडाला पदर लावून नव्हे, उभी राहून, सरळ, पोरासमोर आणि दिरासमोर. नवरा गेला तेव्हा ती एवढी रडली नव्हती. सयाजी घाबरून इकडंतिकडं बघायला लागला, आणि शेवटी राजवीरला म्हणाला, "अरं, तुझ्या आईला पाणी दे की."

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि कामाला लागली, कारण उरलेलं काम रडून होणार नव्हतं. उसाचा वाळलेला तुकडा आता परत येत नव्हता, हे ती आणि सयाजी दोघांनाही कळत होतं. पण म्हशींचा मका अजून तग धरून होता.

"भावजी, तो वाळलेला पाला मला द्या," ती म्हणाली. "झाडांच्या बुडात वीतभर जाड पसरते. बुंधा मोकळा सोडून. वर झाकण असलं की ऊन माती चाटत न्हाय, आत ओल टिकत्या. मग मला सव्वा तास पुरंल. राहिलेला पाऊण तास तुमच्या मक्याला."

"पुरंल?"

"पुरवीन. लिंबं आता भरलेली हायत, त्यास्नी रोजचं मिळाल्याशी मतलब."

सयाजीनं विचार केला. ह्या वेळी मेख शोधायला त्याला फार वेळ लागला नाही. "मक्याला पाऊण तास पाटानं सोडलं तर अर्ध्या वाटंतच मुरंल," तो म्हणाला.

"मुरंल. ख्वाजा आला की नळ्या टाकून घ्या. तवर माझी जुनी नळी हाय, बुंध्याजवळची काढलेली. ती वढा."

सयाजीनं खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि पाला कापायला खाली उतरला. राजवीरनं शर्ट काढून बांधावर ठेवला, टेप शर्टाच्या खिशात सारला आणि काकाच्या मागोमाग गेला. दुपारभर तिघं भारे वाहत होती. चिमणाबाई प्रत्येक झाडाखाली बसून पाला पसरत होती, आणि तिचा आरडाओरडा खालच्या माळापर्यंत ऐकू जात होता. बुंध्याला लावू नको म्हटलं न्हवं, हात काय गहाण टाकलेत, भावजी तुमी बी तसलंच.

वैशाखात लिंबं निघाली. पहिल्या दिवशी पोती भरताना सयाजी आपण होऊन आला आणि एका झाडाला लागला. सगळं भरून झाल्यावर चिमणाबाईनं एक पोतं बाजूला सरकवलं.

"हे तुमचं."

"कशाचं? मी झाडं लावली न्हायत."

"तुमच्या उसाचं हाय हे," ती म्हणाली, आणि पोत्याचं तोंड शिवायला सुई-दोरा घेऊन बसली.